राजाच्या डोक्यावर नाग

नवरात्रात आमच्या पेठेतल्या ग्रुपवर एका पानाचा फोटो फिरला. सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यातला श्लोक. कोल्हापुरात अंबाबाईच्या मूर्तीचं वर्णन म्हणून हाच सांगतात. खाली मराठी अर्थ होता: देवीने नाग, लिंग आणि योनी ‘राजाच्या मस्तकावर’ धरली आहेत. वाचून जीव तळमळला, अजूनही तळमळतो.

शेजारच्या काकींना परदेशातल्या नातवासाठी तो श्लोक रोमन अक्षरांत हवा होता. तसा तो कुणी उतरवलाही होता, पण खेटंचं ‘रवेटं’ करून. पुस्तक जुन्या छपाईचं. त्यातला ख म्हणजे र आणि व शेजारी शेजारी, आणि फोटोत घडीची सावली. ही चूक पकडणं सोपं होतं. अनुष्टुभाच्या चरणात आठ अक्षरं. ‘रवेटं’ वाचलं की नऊ भरतात. खेटं म्हणजे ढाल, आणि मूर्तीच्या वरच्या डाव्या हातात ढालच आहे. वरच्या उजव्या हातात गदा, खालच्या उजव्या हातात मातुलुंग, म्हणजे महाळुंग, खालच्या डाव्या हातात पानपात्र, म्हणजे पिण्याचं पात्र. बिभ्रती म्हणजे धारण करणारी. इथवर श्लोक आणि मूर्ती हातात हात घालून चालतात.

अडतं ते शेवटच्या चरणात. ‘नृप’ आणि ‘मूर्धनि’ हे शब्द फोटोतल्या पानावर जोडून छापलेले आहेत. जोडून वाचलं की ‘राजाच्या मस्तकावर’ असा समास होतो आणि व्याकरण तक्रार करत नाही. तोडून वाचलं की नृप हे संबोधन: हे राजा. दोन्हीकडे अक्षरं आठच, म्हणून छंदही मदतीला येत नाही. इथे बोलतंय कोण, एवढंच विचारावं लागतं. हे सारं ऋषी सुरथ राजाला सांगत आहेत, राजाने मागच्या पानावर प्रश्न विचारला आहे. तेव्हा साधा अर्थ असा: हे राजा, ती हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र धरते, आणि आपल्या मस्तकावर नाग, लिंग व योनी धारण करते.

काकींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “पर छापलंय न्हवं तसं?” मूर्ती एरवी साडी-दागिन्यांनी झाकलेली, मस्तकावरची चिन्हं कोण पाहणार? त्यांना दोष देववत नाही. अर्थ लिहिणाऱ्यावरचा माझा रागही आता तितका उरलेला नाही, कारण त्याच्यापुढे तेवढं एकच पान होतं. पण श्लोकाचा फोटो पाठवताना बोलणारा आणि ऐकणारा कोण हे ज्या पानावर आहे, तेही पाठवायला हवं. मी ते पाठवलं. चुकीचा अर्थ अजून फिरतोच आहे.