अधिकाची उभी रेघ

बारावीच्या माझ्या मुलामुलींनो,

परवा रात्री ग्रुपवर एक इंटिग्रल आलं. सीईटीच्या सरावाच्या पुस्तकातलं, दोन रकान्यांचं अख्खं पान. ट्यूबलाइटखाली अंथरुणावर पुस्तक ठेवून काढलेला फोटो, दोन्ही बाजूंना चादर आणि खाली एवढंच: ‘मॅडम, १७वा.’ मी फोटो मोठा करून बघितला. अंशात dx स्पष्ट होतं. छेदात x², मग +2x, मग एक करडी आडवी रेघ आणि शेवटी 5. त्या रेघेला मधून उभी रेघ होती की नव्हती, ते काही केल्या कळेना.

ती उभी रेघ असेल तर छेद x² + 2x + 5 होतो. पूर्ण वर्ग केला की (x + 1)² + 4 आणि उत्तर:

(1/2) tan⁻¹((x + 1)/2) + c

ती नसेल तर छेद x² + 2x − 5, म्हणजे (x + 1)² − 6. आता tan⁻¹ चा संबंधच उरत नाही. सूत्र बदलतं आणि उत्तर लॉगमध्ये येतं:

(1/(2√6)) log |(x + 1 − √6)/(x + 1 + √6)| + c

दोन्ही गणितं बरोबर आहेत, दोन्ही परीक्षेत येऊ शकतात, आणि दोन्हींत तुम्ही वेगवेगळ्या ठिकाणी अडाल. चार पर्याय दिसले असते तर नुसत्या tan⁻¹ वरून मी चिन्ह ओळखलं असतं. पण पर्याय पुढच्या पानावर गेले होते आणि ते पान फोटोत नव्हतं. ‘अधिक की उणे?’ असं मी विचारलं. उत्तर सकाळी आलं, तेही बसमधून. पुस्तक घरी राहिलं होतं.

म्हणून आज प्रश्न कसा पाठवायचा, तेवढंच लिहिते आहे. अधिकाची रेघ नक्की कुठे हरवते ते समजलं, तर बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत.

ती पहिल्यांदा हरवते हातात. उजेड कमी असला की कॅमेरा फोटो घ्यायला जास्त वेळ लावतो, आणि तेवढ्यात हात हलतो. हात डावीउजवीकडे हलला तर उभ्या रेघा आडव्या फासल्या जाऊन फिक्या होतात. आडव्या रेघा मात्र स्वतःच्याच अंगावरून सरकतात, म्हणून त्या काळ्याच राहतात. अशा फोटोत अधिकाचं उणे होतं. हात वरखाली हलला तर उलटं होतं: उणे पुसट होतं आणि अधिक 1 सारखं दिसू लागतं. आपल्या फोटोत हे झालंय का, ते ओळखणं सोपं आहे. त्याच ओळीतले l, t आणि 1 बघा. त्यांचे उभे दांडे फिके आणि आडव्या रेघा ठळक दिसत असतील, तर हात आडवा हलला आहे. तो फोटो पुसून टाका आणि दुसरा काढा.

दुसऱ्यांदा ती हरवते पाठवताना. समजा, तुमच्या फोनचा फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा आहे. पिक्सेल म्हणजे फोटो ज्यांचा बनतो ते बारीक ठिपके. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणली जाते. म्हणजे तुमचं उभं पान १६०० गुणिले १२०० झालं. पानात दोन रकाने, म्हणून एका रकान्याच्या वाट्याला रुंदीत ६०० पिक्सेल. रकान्याच्या ओळीत ४५ अक्षरं धरली, तर एका अक्षराला जेमतेम १३. आजूबाजूची चादर फोटोच्या रुंदीचा तिसरा हिस्सा खात असेल, तर उरतात ९. घाताचा आकडा अक्षराच्या निम्मा असतो, आणि अधिकाच्या रेघेची जाडी त्या हिशेबात एक पिक्सेलही भरत नाही. त्यावर जेपीईजीची दाबणी होते. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला बारकावा कमी करते. तुमचा घात असल्या एका चौकोनात अख्खा मावतो, आणि मग 2 आणि 3 सारखेच दिसायला लागतात.

आता तेच पान फोटोत काठोकाठ भरलेलं आहे आणि पाठवण्याआधी तुम्ही फक्त प्रश्नापुरता तुकडा कापलात, असं धरा. रकान्याची रुंदी मूळ फोटोत १५०० पिक्सेल होती. तुकडा १६०० च्या आतच असल्याने तो लहान करायची गरज पडत नाही. एका अक्षराला ३३ पिक्सेल मिळतात. फोन तोच आणि पानही तेच, फक्त कापणं पाठवण्याच्या आधी झालं. एचडीचा पर्याय निवडला किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडला तरी बारकावा टिकतो. पण चादर माझ्यापर्यंत पोचवण्यात कोणाचंच हित नाही.

काढताना मी काय करते ते सांगते. आधी कॅमेऱ्याची काच सुती कापडाने पुसते, कारण बोटाचा तेलकट ठसा सगळ्या अक्षरांभोवती धुकं उभं करतो. पुस्तक खिडकीजवळ, टेबलावर सपाट ठेवते आणि उजेड एका बाजूने येऊ देते. डोक्यावर दिवा असला की आपलीच सावली पानावर पडते. अशा वेळी पुस्तकासकट थोडं वळावं. फ्लॅश लावत नाही, गुळगुळीत कागदावर त्याचा पांढरा डाग नेमका मधोमध पडतो. फोन पानाच्या बरोबर वर, साधारण वीतभर उंचीवर धरते. पुष्कळांना वाटतं, जितकं जवळ तितकं स्पष्ट. पण फारच जवळ नेला तर फोनचा मुख्य कॅमेरा फोकसच करू शकत नाही. कोपरं टेबलावर टेकवते, प्रश्नावर बोट लावून फोकस घेते आणि मगच बटण दाबते. पानाच्या कडा स्क्रीनच्या कडांना समांतर दिसल्या पाहिजेत. बांधणीकडचा भाग वाकलेला असतो, तिथली अक्षरं दाटीने बसतात. प्रश्न तिकडे असेल तर पुस्तक तळहाताने दाबून धरा. प्रश्न पडद्यावर असेल, बालभारतीच्या पीडीएफमध्ये असेल, तर कॅमेरा काढूच नका. पडद्याच्या फोटोत लाटांसारखे पट्टे येतात. सरळ स्क्रीनशॉट घ्या.

कापताना हात आखडता ठेवा. काय ठेवायचं, हे आधी ठरवा. प्रश्नाचा क्रमांक हवा. चारही पर्याय हवेत. ते पुढच्या रकान्यात किंवा पानावर गेले असतील तर दुसरा फोटो हवा. आकृती हवी, तिच्यावरच्या सगळ्या अक्षरांसकट. आणि प्रश्नाच्या वर कुठेतरी ‘प्रश्न १२ ते १४ साठी’ अशी सामाईक माहिती असते, ती बहुतेकदा कापली जाते. तुमचा प्रश्न तेरावा असला, तरी त्यातली वस्तुमानं आणि वेग वरच्या त्या ओळीत दिलेले असतात. चारही बाजूंना एखाद्या ओळीइतकी कोरी जागा सोडा. कड अगदी अक्षराला लागून गेली की घात आणि वरच्या रेघा आधी जातात, आणि त्या गेल्याचं बघणाऱ्याला कळतही नाही. पाठवण्याआधी फोटो मोठा करून त्यातली सगळ्यांत बारीक खूण शोधा: घाताचा आकडा, दशांश चिन्ह, उणे. ती तुम्हाला पुस्तकाकडे न बघता वाचता आली पाहिजे.

एवढं केल्यावर टाइप कशाला करायचं, असं तुम्ही विचाराल. कारण चेकवर आपण रक्कम आकड्यांत लिहितो आणि अक्षरांतही लिहितो. एकात चूक झाली तर दुसरं ती दाखवून देतं. फोटोत पुसट झालेलं चिन्ह टाइप केलेल्या ओळीत असतं, आणि टाइप करताना सुटलेला कंस फोटोत असतो. शिवाय महिन्याभराने ग्रुपवर कोणी तोच प्रश्न शोधला, तर शोध लागतो तो मजकुरामुळे. ज्याला दिसत नाही आणि जो फोनकडून वाचून घेतो, त्याच्यासाठी फोटोतलं गणित म्हणजे कोरी जागा असते. टाइप केलेली ओळ त्याला ऐकू येते.

टाइप करताना जपायचे ते कंस. छापील पुस्तकात छेद कुठे संपतो ते अपूर्णांकाची लांब रेघ दाखवते. एका ओळीत टाइप केलं की ती रेघ उरत नाही, तिचं काम कंसांना करावं लागतं. हे दोन बघा:

```
1/x^2 + 2x + 5
1/(x^2 + 2x + 5)
```

पहिल्यात फक्त x² छेदात आहे आणि बाकीची पदं बाहेर पडली आहेत. ते इंटिग्रल तर अकरावीचा मुलगाही सोडवेल. आपलं गणित दुसरं आहे. मुळाचंही तसंच. √x + 1 लिहिलं तर 1 मुळाच्या आत की बाहेर, ते कळत नाही. sqrt(x + 1) लिहिलं की शंका राहत नाही. फोटोतून मजकूर उचलायची सोय फोनमध्ये असेल तर खुशाल वापरा, पण घात तपासा, कारण x² चा x2 होऊन येतो. फोन वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो, त्यामुळे m चा M होतो. भौतिकशास्त्रात एकाच प्रश्नात दोन्ही असतात आणि दोन वेगळी वस्तुमानं दाखवतात, तिथे हे बघावंच लागतं. गुणाकारासाठी * टाळा: शब्दाच्या दोन्ही बाजूंना ती खूण आली की अक्षरं ठळक होतात आणि खुणा नाहीशा होतात. आकृती मात्र शब्दांत पूर्ण मावत नाही. तिथे फोटोवर भिस्त ठेवा आणि टाइप करा फक्त तिच्यातले आकडे, एककांसह.

शेवटी एक ओळ अशी लिहा, जी पुस्तकात नसते. परवाचा प्रश्न मला असा आला असता तर मी तो रात्रीच सोडवून दिला असता:

```
सीईटी सराव, इंडेफिनिट इंटिग्रेशन, प्र. 17
∫ dx/(x^2 + 2x + 5)
पर्याय दुसऱ्या फोटोत.
छेद (x + 1)^2 + 4 केला. पुढे कोणतं सूत्र?
```

या चार ओळींतली शेवटची लिहिण्यासाठी तुम्हाला वही उघडावी लागेल, पूर्ण वर्ग करून बघावा लागेल आणि वर्गांमध्ये अधिक आहे की उणे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागेल. अधिक दिसलं की सूत्र tan⁻¹ चं, उणे दिसलं की लॉगचं. तिथवर आलात तर तुमच्यातले बरेच जण मला प्रश्न पाठवणारच नाहीत, उत्तर पाठवतील. तेही पाठवा, मी तपासून देईन. फक्त त्याचाही फोटो सरळ काढा आणि + c तुकड्याबाहेर कापू नका.

तुमच्या मॅडम