214 बिलं गेली कुठे?

आमचं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मेसचा हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर आणायचं काम सेक्रेटरीने माझ्या गळ्यात मारलं. मी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. डेटाबेस पोस्टग्रेस, दोघांना जोडायला सायकोपीजी. एका रात्रीत 214 मुलींची बिलं भरली. शेवटी प्रोग्रॅमनेच मोजून दाखवलं: 214. एरर एकही नाही. सकाळी मेसचे काका बिलं मागायला आले, तर टेबल रिकामं!

"ताई, वही फेकली नाहीत ना?" एवढंच ते म्हणाले.

पहिला संशय रूममेटवर. (सॉरी गं.) मग हाताने एक खोटं बिल टाकून पाहिलं. त्याला नंबर मिळाला 215. रिकाम्या टेबलात पहिलंच बिल 215? म्हणजे नोंदी आत गेल्या होत्या आणि मग नाहीशा झाल्या. रोलबॅक झाला की पोस्टग्रेस नोंदी मागे घेतो, पण वापरलेले नंबर परत घेत नाही. कुणी डिलीट केलं असतं तरी नंबर असेच उडाले असते म्हणा, म्हणून प्रोग्रॅम पुन्हा वाचला. त्यात ही ओळच नव्हती:

```
conn.commit()
```

सायकोपीजी पहिल्या क्वेरीलाच गुपचूप ट्रान्झॅक्शन उघडते. कमिट न करता कनेक्शन बंद झालं की सगळं रद्द. मग रात्री 214 दिसले कसे? मी मोजले त्याच कनेक्शनमधून! आपल्या कच्च्या नोंदी आपल्याला दिसतात, इतरांना नाही. दुसरी विंडो उघडून मोजलं असतं तर रात्रीच शून्य दिसलं असतं.

दुसऱ्या रात्री लूप संपल्यावर कमिट घातलं. 137 व्या ओळीत रकमेच्या जागी कुणीतरी 'घरी' लिहिलेलं. एक्सेप्शन आलं, प्रोग्रॅम थांबला, कमिटपर्यंत पोहोचलाच नाही. आधीची 136 चांगली बिलंही गेली.

मैत्रीण म्हणाली, प्रत्येक क्वेरीनंतर कमिट कर ना. ते मला पटेना. प्रत्येकीच्या दोन नोंदी असतात: आधी डिपॉझिटमधून रक्कम वजा, मग बिल. मधेच अडकलं तर पैसे कापलेले आणि बिल नाही, अशी मुलगी माझ्या दारात उभी राहणार. शेवटी एकेका मुलीच्या दोन्ही नोंदी झाल्या की एक कमिट, आणि चूक आली तर `conn.rollback()` करून तिचं नाव कागदावर. तो रोलबॅकही विसरून चालत नाही. एकदा क्वेरी चुकली की रोलबॅक होईपर्यंत पोस्टग्रेस पुढची प्रत्येक क्वेरी नाकारतो, `current transaction is aborted` म्हणत.

तिसऱ्या रात्री 213 बिलं झाली, एक नाव कागदावर. या वेळी दुसऱ्या विंडोतून मोजली, मगच झोपले. काकांनी वही मात्र अजून बंद केलेली नाही.