अख्खं पापलेट

बांगला शिकत होते तेव्हा एका कथेच्या अनुवादात मी 'माछ भाजा'चं 'भाजलेले मासे' करून ठेवलं होतं. बांगलात भाजणं म्हणजे आपलं तळणं. छापण्याआधी कुणीतरी चूक पकडली, म्हणून वाचले. कोलकात्यात राहायला आल्यावर मात्र तळण्याचा खरा धडा गिरवावा लागला तो आईमुळे.

दोन वर्षांपूर्वी आई मालवणहून माझ्याकडे आली. तिच्या नजरेचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुकड्या केलेला मासा तिला खाता येईना, कारण सुरीने तुटलेला काटा कुठे असेल ते बोटांना कळत नाही. अख्ख्या पापलेटात तसं नसतं. मधे एक काटा आणि दोन्ही कडांना झालर, सगळं जिथल्या तिथे. तिला तो नकाशा पाठ आहे. पण कातडी फाटली आणि मांस विस्कटलं की नकाशाही गेला.

पहिल्यांदा नेमकं तेच झालं. गडियाहाटच्या बाजारात मासेवाल्याला, तुकडे नको, अख्खं हवं, हे दोनदा सांगून चारशे ग्रॅमचं पापलेट आणलं, धुतलं, लाल मसाला चोपडला आणि तेलात सोडलं. मसाला सुटून तेलात करपला, कातडी कढईच्या बुडाला राहिली. आई निमूटपणे भात-आमटी जेवली.

आता करते ते असं. माशाला मीठ-हळद लावून वीस मिनिटं ठेवायचं. मीठ पाणी ओढून घेतं, ते जुन्या सुती कापडाने टिपायचं. चिरांच्या आतलं आणि पोटातलंसुद्धा. ओल्या कातडीखाली आधी वाफ होते, आणि वाफ होतेय तोवर कातडी कुरकुरीत होत नाही, नुसती चिकटते. मसाला हवा तर आलं-लसणाचं घट्ट वाटण चिरांच्या आत दाबायचं, कातडीवर नाही. वरून तांदळाच्या पिठाचा हात फिरवायचा आणि जास्तीचं झटकून टाकायचं.

चिरा प्रत्येक बाजूला तीन, दोन बोटांच्या अंतरावर, तिरक्या. पाठीकडे मांस जाड, तिथे सुरी काट्याला टेकेपर्यंत न्यायची. पोटाकडे येताना हात हलका करून थांबायचं. चिरा मसाल्यासाठी असतात असं मला वाटायचं. त्या मुख्यतः उष्णतेसाठी असतात: काट्याजवळचं मांस शिजेपर्यंत वरचं करपू नये म्हणून. शिवाय तेलात पडताच कातडी आकसते. तिला आकसायला जागा ठेवली नाही तर मासा वाकतो आणि ती स्वतःच मनाला येईल तिथे फाटते.

तेल एक लिटर, पसरट लोखंडी कढईत. इथे सरसोंचं तेल धूर येईपर्यंत तापवून मग जरा निववतात. मी शेंगदाण्याचं घेते. तापमान १८० अंश. थर्मामीटर नसेल तर कोरड्या लाकडी चमच्याचं टोक बुडवावं, भोवती लगेच भरभर बुडबुडे यायला हवेत. मासा पडल्यावर तेल पंधरा-वीस अंशांनी उतरतंच, म्हणून त्या क्षणी आच मोठी करायची. शेपटी धरून, डोकं आधी, आपल्यापासून लांबच्या बाजूला हळूहळू उतरवायचा. शेपटी सोडण्याआधी दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायची, म्हणजे कातडी बुडाला टेकण्याआधी आवळते.

यानंतरचं काम सगळ्यात कठीण: काही न करणं. माझा झारा सारखा पुढे जायचा. आई खुर्चीतून म्हणाली, "त्येका हात लावू नको गो. सुटतलो तो आपसूक." पाणी गेलं की कातडी कढईला सोडते, चार मिनिटांनी झारा कडेने सरकवला तर मासा हलतो. हलला नाही तर अजून अर्धं मिनिट. मग दोन झारे, एक खालून, एक वरून, आणि एकदाच उलटायचा. दुसरी बाजू तीन मिनिटं.

झाला की नाही हे मी चिरेत बघते, काट्याशी मांस पांढरं होऊन सुटलं का. आई कानाने सांगते. सुरुवातीचा जाड, ओला आवाज पातळ होत जातो. तिने "काढ" म्हटलं की घड्याळात सहसा साडेसहा-सात मिनिटं झालेली असतात. मासा कागदावर आडवा टाकत नाही, खालची बाजू वाफेने मऊ पडते, जाळीवर ठेवते.

मोठ्या माशाला हे चालत नाही. सातशे-आठशे ग्रॅमचा आणला तेव्हा बाहेरून काळा पडला आणि काट्याशी गुलाबी राहिला. तेवढा असेल तर आता सरळ कालवण.

परवा तिने नेहमीसारखं ताट चाचपलं. बोटाने पहिली चीर शोधली, दुसरी, तिसरी, मग पाठीच्या बाजूने कातडी एका तुकड्यात उचलून माझ्या पानात ठेवली. "खा," म्हणाली, "गरम आसा तवसर."