दुसरा मायनर
जर्मन भाषेत मॅट्रिक्सच्या दर्जाला 'रांग' असा उच्चार असलेला शब्द आहे. जर्मनीत शिकवायला लागले तेव्हा तो ऐकून मला आपल्या रेशनच्या रांगेची आठवण व्हायची, पण अर्थ मात्र पद किंवा पायरी. फ्रोबेनिउसने १८७९ साली बर्लिनच्या क्रेले नियतकालिकात हा शब्द रूढ केला तो मायनरांच्या आधारे: r कोटीचा एक तरी मायनर शून्य नाही आणि r+1 कोटीचे सगळे शून्य आहेत, तर रँक r. मायनर म्हणजे काही ओळी आणि तितकेच स्तंभ निवडून काढलेला निश्चयक. या व्याख्येतल्या 'एक तरी' आणि 'सगळे' या दोन शब्दांतच सगळी मेख आहे.

सरावाच्या तासाला मी हे उदाहरण देते:

```
1   2   3    1
2   5   a²   3
1   3   6   a-1
```

डावीकडचा वरचा 2×2 मायनर 1·5 − 2·2 = 1. त्यात a नाहीच, म्हणून a काहीही असो, रँक किमान 2. आता तिसऱ्या कोटीचे मायनर चार आहेत, पण चारही काढायची गरज नाही. क्रोनेकरच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की शून्य नसलेल्या मायनरला एक ओळ आणि एक स्तंभ जोडून होणारे मायनर तेवढे तपासावेत. ते सगळे शून्य झाले तर रँक तिथेच थांबते. इथे ओळ तिसरीच, स्तंभ तिसरा किंवा चौथा. म्हणजे दोनच निश्चयक:

```
9 - a²     (तिसरा स्तंभ)
a - 3      (चौथा स्तंभ)
```

बरीच मुलं पहिला काढतात, a = 3 आणि a = −3 ही उत्तरं मिळतात, आणि दोन्ही ठिकाणी 'रँक 2' लिहून मोकळी होतात. पण a = −3 ला दुसरा मायनर −6 येतो. तो एकटाच पुरेसा आहे: तिथे रँक 3. फक्त a = 3 ला दोन्ही शून्य होतात. पडताळाही सोपा आहे. a = 3 घातलं की तिसरी ओळ 1, 3, 6, 2 होते, आणि दुसरीतून पहिली वजा केली तरी नेमकं हेच येतं. a = −3 ला तिसऱ्या ओळीचं शेवटचं पद −4 असतं आणि वजाबाकीत 2, म्हणजे मेळ बसत नाही.

ओळींच्या क्रिया करूनही हे सुटतं, पण शेवटची ओळ 0, 0, 9 − a², a − 3 अशी झाली की मुलांचा हात लगेच a − 3 ने भागायला जातो, आणि ज्या किमतीसाठी गणित मांडलं तीच नजरेआड होते. मायनर काढताना भागाकारच नाही, म्हणून पॅरामीटर असला की मला हीच वाट विश्वासाची वाटते. मात्र मॅट्रिक्स लहान असेल तरच. 10×10 मध्ये पाचव्या कोटीचेच मायनर 63,504 असतात; तिथे मीही ओळींच्या क्रियाच करते, आणि भागायच्या आधी a − 3 = 0 ही शक्यता वेगळ्या कागदावर सोडवून घेते.