जेली पातळ का राहिली?

इंदूरहून धाकट्या नणंदेचा फोन आला, तेव्हा ती अगदी रडवेली झाली होती. घरच्या पेरूंची जेली अर्धा तास उकळूनही पाकासारखी पातळच! “वहिनी, आणखी साखर घालू का?”

“आधी गॅस बंद कर,” मी म्हटलं.

जेली जमते ती पेरूतल्या पेक्टिनमुळे. साखर पाणी धरून ठेवते आणि आंबटपणामुळे पेक्टिनचे धागे एकमेकांना दूर लोटायचे थांबतात. मग त्यांची जाळी तयार होते. फार उकळलं, तर मात्र हे धागेच तुटतात.

१ लिटर अर्काला ७५० ग्रॅम साखर, हे तिचं प्रमाण योग्य होतं. पण जेली आंबट होईल म्हणून तिने लिंबू घातलंच नव्हतं!

मी तिला दोन लिंबांचा रस घालायला सांगितला आणि एक बशी फ्रीजमध्ये ठेवायला लावली. दोन मिनिटं उकळल्यावर गॅस बंद करून थंड बशीत थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने हलकेच ढकलायचा. पहिला थेंब ओघळला. आणखी थोडं उकळल्यावर दुसऱ्यावर मात्र सुरकुती पडली. थर्मामीटर असेल, तर मुंबईत १०५ अंश सेल्सिअस, इंदूरच्या उंचीवर साधारण १०३.

लिंबू जास्त झालं, तर जेलीला पाणी सुटतं. आणि पेरू फार पिकलेले असतील, तर पेक्टिनच कमी पडतं; म्हणून पुढच्या वेळी थोडे अर्धकच्चे पेरूही घ्यायला सांगितले आहेत.