शेजाऱ्यांना टाकलेली चिठ्ठी, दुसऱ्यांदा लिहिलेली



लंडनमधल्या नव्या फ्लॅटमध्ये पडद्यांचे रॉड, बाथरूमचं कपाट आणि मुलांच्या खोलीतले शेल्फ बसवायचे होते. भिंती काँक्रीटच्या, म्हणजे हॅमर ड्रिल आलंच. शेजाऱ्यांना आधी कळवावं म्हणून मी चिठ्ठी टाकली: "या आठवड्यात थोडं ड्रिलिंग होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व." वाटलं, झालं आपलं काम!

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण दारात. रागावली नव्हती. म्हणाली, "मी नर्स आहे, सध्या नाइट ड्यूटी आहे. सकाळी नऊला झोपते, तीनला उठते. नक्की कधी, ते सांगाल का?" मला उत्तरच देता येईना. माझ्या "या आठवड्यात"मुळे तिची पाच दिवसांची झोप टांगणीला लागली होती.

इथल्या बऱ्याच कौन्सिल आवाजाच्या कामांसाठी सोमवार ते शुक्रवार ८ ते ६ आणि शनिवारी ८ ते १ अशी वेळ सांगतात. रविवारी आणि बँक हॉलिडेला नाही. तुमच्या कौन्सिलची आणि लीजमधली वेळ जरूर बघा. पण ती झाली बाहेरची चौकट. शेजाऱ्याला नेमका तास हवा असतो.

मग मी फिटरला विचारलं, प्रत्यक्ष ड्रिल किती वेळ चालेल? काम दोन दिवसांचं, पण भोकं फक्त २६, एकेकाला दोन-तीन मिनिटं. मापं घेणं, खुणा करणं, स्क्रू पिळणं यांचा त्रास कोणाला होत नाही. म्हणून ठरलं, आधी सगळ्या खुणा करायच्या आणि भोकं एकदमच पाडायची.

नवी चिठ्ठी अशी होती: "फ्लॅट ७ मध्ये बुधवारी दुपारी ३.३० ते ५ भिंतीत ड्रिलिंग आहे. उरलं तर गुरुवारी त्याच वेळेत. एरवी ड्रिल चालणार नाही. ही वेळ अडचणीची असेल तर सोमवारपर्यंत सांगा, बदलू." खाली नाव आणि फोन नंबर. काँक्रीटमधून आवाज लांबवर जातो, म्हणून शेजारी, वर, खाली आणि तिरक्या फ्लॅटमध्येही टाकली. वरच्या घरात तान्हं बाळ आहे. "त्याची झोप तोवर होते," असा त्यांचा मेसेज आला.

बुधवारी खिडकीच्या वर ड्रिल सळईला अडलं. पाच वाजले तेव्हा चार भोकं बाकी होती. फिटर म्हणाला, "दहा मिनिटांत उरकतो." मोह झाला, पण नको म्हटलं. स्क्रू लावायला तो गुरुवारी येणारच होता. शिवाय पाच म्हणून सव्वापाच केले असते, तर पुढच्या चिठ्ठीवर कोणी कशाला विश्वास ठेवेल?

तेव्हा चिठ्ठी लिहाल तेव्हा "क्षमस्व" एकदा पुरे. वार आणि तास मात्र लिहाच, आणि ते पाळा.

तुमच्या बिल्डिंगमध्ये काय वेळा आहेत?