बाटली खाली

सकाळपाळी सातला सुरू होते. कपडे बदलून रात्रपाळीच्या मामाकडून ‘ओव्हर’ घ्यायचा, मग सिस्टरच्या टेबलापाशी उभं राहून दिवसाची कामं लिहून घ्यायची. सरकारी कागदावर माझं पद ‘कक्षसेवक’, पण गेल्या बावीस वर्षांत त्या नावानं मला कुणी हाक मारलेली आठवत नाही. सगळ्यांचा मी मामाच. कामं मी एक्स-रेच्या जुन्या पाकिटाच्या मागं लिहितो. ते जाड असतं, घामानं विरघळत नाही.

त्या दिवशी, जुलैतल्या एका सोमवारी, पाकिटावर पाच ओळी होत्या. ट्रॉलीचा छोटा सिलिंडर बघणे. चौदा नंबर, छातीत नळी, आठ वाजता एक्स-रे. सहा नंबरच्या आजी, उपाशी, साडेआठला सोनोग्राफी. नऊ नंबर, हर्निया, नऊ वाजता ओटी. पहाटे गेलेल्या एका आजोबांची बॉडी, नातेवाईक आले की शवागारात. नमुने लॅबमध्ये पोचवणं लिहावं लागत नाही, ते श्वास घेतल्यासारखं चालू असतं.

सिलिंडर तेवढा लगेच बघितला. काटा तांबड्याच्या जवळ होता, म्हणून बदलला. हे काम मी कधी मागं ठेवत नाही, कारण ट्रॉली नेमकी कधी पळवावी लागेल हे ट्रॉलीलाही माहीत नसतं.

सात चाळीसला फोन वाजला. बाळंतिणीच्या वॉर्डातला मामा आला नव्हता आणि तिथं एका बाईचं डिलिव्हरीनंतर रक्त थांबत नव्हतं. आमच्या सिस्टरनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पाकीट खिशात घातलं, “येतो सिस्टर” म्हणालो आणि निघालो.

ते पाकीट खिशात घातलं, हीच त्या दिवसाची माझी चूक. ती पुढं येईलच.

बाळंतिणींचा वॉर्ड जुन्या इमारतीत. मधे पत्र्याचा लांब पॅसेज, मग उतार. पावसाळ्यात त्या उतारावर पाय ठरत नाही, म्हणून कडेच्या कठड्याला धरून उतरलो. आत गेलो तेव्हा एक डॉक्टर मॅडम बाईच्या पोटावर हात दाबून गर्भाशय चोळत होत्या, दुसऱ्या मॅडम तिच्या दोन्ही हातांना सलाईन लावत होत्या. खाली बादलीत रक्तानं चिंब कापड पडलेलं होतं, आणि मावशी ते कापड वजन करायला बाजूला काढत होती. किती रक्त गेलं याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. डोळे नेहमी कमीच सांगतात.

माझ्या हातात एक नळी आणि एक अर्ज आला. “मामा, पळा!”

मी पळालो नाही. नळीवरचं नाव आणि आयपीडी नंबर अर्जाशी मोठ्यानं वाचून जुळवला आणि तोच बाईच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघितला. मॅडम माझ्यावर ओरडल्या, आणि त्या ओरडल्या यात त्यांची काही चूक नाही. पण पाच-सहा वर्षांपूर्वी मी असाच आधी पळालो होतो. रक्तपेढीच्या खिडकीवर पोचलो तेव्हा नळीवरच्या नंबरात एक आकडा वेगळा निघाला. तिथली माणसं असा नमुना घेत नाहीत, आणि घेऊही नये. चुकीच्या माणसाचं रक्त चढलं तर ते औषध राहत नाही. तेव्हा परत जाऊन नव्यानं रक्त काढून आणायला पंचवीस मिनिटं गेली होती. त्यापेक्षा वाचायला लागणारी दहा सेकंदं स्वस्त. नंबर जुळला. अर्जावर डॉक्टरांची सही होती, आणि जिवाला धोका असल्यानं तातडीची तपासणी करून रक्त द्या, असंही लिहिलेलं होतं. हे लिहिलेलं नसलं की खिडकीवर वाद होतो.

रक्तपेढी मुख्य इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट वर अडकली होती, जिन्यानं गेलो. खिडकीतल्या टेक्निशियननं अर्ज वाचला आणि म्हणाला, “पूर्ण तपासणीला पाऊण तास, तातडीची केली तर वीस मिनिटं. कार्डावर बी पॉझिटिव्ह आहे, पण मी ते धरणार नाही, गट परत बघणार.”

मी म्हटलं, “बघा. मी इथंच आहे.”

ती वीस मिनिटं कशी जातात ते बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड. करण्यासारखं काही नसतं आणि खाली वॉर्डात माझी चिठ्ठी तशीच पडलेली असते. म्हणजे खरं तर माझ्याच खिशात. तिथं उभा असताना पहिल्यांदा ते लक्षात आलं: आठ वाजले होते, चौदा नंबरचा एक्स-रे आठचा, आणि त्यांना तिथं नेणं माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात असणार नव्हतं. सिस्टर औषधांच्या फेरीत असणार. फोन करावा म्हटलं तर रक्तपेढीचा फोन आतल्या खोलीत.

सव्वाआठला दोन पिशव्या मिळाल्या. पिशवीवरचा नंबर, गट, मुदत, अर्जावरचं नाव, सगळं दोघांनी वाचलं, मी रजिस्टरवर सही केली. पिशव्या थंड डब्यात घातल्या. बर्फाची पाकिटं पिशवीला चिकटू द्यायची नाहीत, मधे जाड कापड घालायचं. रक्त बर्फाला टेकलं की आतल्या पेशी फुटतात आणि रक्त वाया जातं. फ्रिजमधून निघाल्यावर अर्ध्या तासात ते चढायला लागलं पाहिजे, त्यामुळे डबा हातात आला की वाटेत चहावाल्याशीही बोलायचं नाही.

तळमजल्यावर एक्स-रेच्या पॅसेजमध्ये वळलो आणि समोर ट्रॉली दिसली. माझीच, मी सिलिंडर बदललेली. तिच्यावर चौदा नंबर. ढकलत होता त्याचा पुतण्या, विशीतला पोरगा. एक्स-रेवाल्यानं आठला बोलावलंय, मामा कुठं दिसत नाही, मग आपणच नेऊ, असं त्यानं ठरवलं होतं. पोरगा वाईट नव्हता, उलट जास्तच काळजीचा होता. आणि त्या काळजीपोटीच त्यानं नळीची बाटली फुटू नये म्हणून काकाच्या दोन्ही मांड्यांच्या मधे, गादीवर ठेवली होती.

या बाटलीचं थोडं सांगायला हवं. छातीत हवा किंवा पाणी साठलं की फासळ्यांमधून नळी घालतात आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात दोनेक सेंटीमीटर बुडवून ठेवतात. त्यामुळे छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, पण बाहेरची आत जात नाही. पाणी म्हणजे त्या नळीचं दार. हे दार बाटली छातीच्या बरंच खाली असेल तोपर्यंतच बंद राहतं. बाटली वर आली की तिच्यातलं पाणी आणि त्यात जमलेली घाण उलटी छातीकडे वाहू लागते. आडवी पडली तर नळीचं टोक पाण्याबाहेर येतं आणि हवा सरळ आत. म्हणून बाटली नेहमी खाली, आणि उभी.

माझ्या एका हातात रक्ताचा डबा. खाली वाट बघणारी बाई. समोर हा माणूस, नाकपुड्या फुगवून श्वास घेणारा. विचार केला असं म्हणणार नाही, तेवढा वेळच नव्हता. डबा ट्रॉलीवर त्याच्या पायाशी टेकवला, दांडा सोडला नाही. दुसऱ्या हातानं बाटली उचलून सरळ खालच्या फळीवर, सिलिंडरच्या बाजूला उभी केली. नळीला पीळ पडला होता तो सोडवला. “काका, जरा खोकून दाखवा.” त्यांनी खोकलं. नळीतलं पाणी वर गेलं, खाली आलं. म्हणजे वाट मोकळी होती. नळीतलं पाणी बाटलीबाहेर थोडं चढलेलं दिसलं, पण छातीपर्यंत पोचलेलं नव्हतं. बाटली गादीवर ठेवून किती वेळ झाला होता? “आत्ताच निघालो,” पोरगा म्हणाला. तेच खरं असावं.

“इथून हलायचं नाही. बाटलीला हात लावायचा नाही. आत जाऊन एक्स-रेच्या साहेबांना सांग, नळीचा पेशंट बाहेर आहे, सिस्टरला फोन करा.” तो पांढरा पडला होता. “मामा, मी काही…” “काही नाही केलंस. पाणी खाली राहू दे.” आणि मी निघालो. मिनिटभर गेलं असेल. आठ बावीसला डबा बाळंतिणीच्या वॉर्डात होता, आणि मॅडमनी या वेळी स्वतःच पिशवीवरचा नंबर मोठ्यानं वाचला.

पुढचं पटकन सांगतो. बाईला ओटीत नेलं, उताराला दोघं ट्रॉली धरून, डोकं चढाच्या बाजूला ठेवून. मग प्लाझ्मासाठी पुन्हा रक्तपेढी. तो गोठलेला असतो, वितळायलाच अर्धा तास. गर्भाशयात फुगा फुगवून रक्त थांबवलं, पिशवी काढावी लागली नाही, असं नंतर मावशीनं सांगितलं. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. तिच्याकडे मी परत नीट बघितलं ते बुधवारी, ती बाळाला पाजत होती आणि मला ओळखत नव्हती.

वॉर्डात परतलो तेव्हा दहा वाजत आले होते. चौदा नंबरचा एक्स-रे होऊन ते पलंगावर होते. सिस्टर स्वतः खाली गेल्या होत्या आणि डॉक्टरांनी छाती तपासली होती. हर्नियाचा पेशंट ओटीच्या मामानं येऊन नेला, कारण ओटीला त्यांची स्वतःची यादी असते. आजोबांची बॉडी अजून पडद्याआड होती, मुलगा येऊन कुणाला काही न विचारता बसला होता.

सहा नंबरच्या आजींचं मात्र कुणालाच आठवलं नव्हतं. वय सत्तरच्या पुढं, शुगरची गोळी चालू, आदल्या रात्री नऊपासून पोटात काही नाही. चहाची गाडी आली तेव्हा “सोनोग्राफी आहे” म्हणून त्यांनी स्वतःच कप परत केला होता. सव्वानऊला त्यांना घाम सुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या पेशंटच्या बाईनं ओरडून सिस्टरला बोलावलं. साखर साठच्या आत होती. ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग बिस्किटं दिली. उपास मोडला, सोनोग्राफी दुसऱ्या दिवसावर गेली.

रक्त आणायला मी गेलो याबद्दल मला कुणी बोललं नाही. बोलायचं तर इतकंच होतं की मी “येतो” म्हटलं आणि काय ठेवून जातो ते सांगितलं नाही. पाकीट सिस्टरच्या टेबलावर टाकलं असतं तर नळीच्या पेशंटला थांबवलं गेलं असतं आणि आजींना कुणीतरी खाली नेलं असतं, किंवा निदान उशीर होणार हे कळून डॉक्टरांना विचारून चहा दिला असता.

इन्चार्ज सिस्टरना मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि इंजेक्शनच्या खोक्याचं झाकण टेबलाच्या कडेला चिकटपट्टीनं लावलं. “पळताना इथं टाकून जायचं.”

आजींकडे गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, ओठाच्या कडेला बिस्किटाचा भुगा.

“मामा, उद्या पण उपाशीच का हो?”

“हो आजी.”

“मग उद्या मला पहिली न्या.”

मी पाकीट काढलं, उलट्या बाजूला जागा नव्हती, म्हणून कडेला आडवं लिहिलं: सहा नंबर, पहिली. मग ते झाकणात ठेवलं आणि पडद्याआडच्या आजोबांच्या मुलाकडे गेलो.